कुकर लावल्यावरची पाच मिनिटं

"सकाळी सातला घर सोडते, रात्री आठला परत येते. मन मोकळं करायला डायरी लिही, असं सगळे सांगतात. तीनदा सुरू केली, दर वेळी चार-पाच दिवसांत सुटली. शिवाय लिहिलेलं वाचलं की आणखीच वाईट वाटतं. माझ्यासारखीला पाच मिनिटांत यातून खरंच काही मिळेल का?"

मिळेल, पण त्यासाठी कोऱ्या पानावर 'मनात येईल ते' लिहिणं आधी थांबवावं लागेल. कसं, ते एका केसवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

सुजाताताई, वय ३९. घर कळव्याला, वन-बीएचके. नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. नोकरी तुर्भे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात. कळव्याहून ठाणे, ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बरची गाडी, तुर्भ्याला उतरून रिक्षा. संध्याकाळी हेच उलट. तक्रार अशी की संध्याकाळी छातीत आवळल्यासारखं होतं आणि रात्री एक वाजेपर्यंत दिवसभराचं बोलणं डोक्यात फिरत राहतं. डॉक्टरांनी तपासण्या करून शारीरिक कारण नसल्याचं सांगितलं होतं, त्यानंतरच त्या समुपदेशनाला आल्या.

डायरी त्यांनीही लिहून पाहिली होती. ती वही सोबत आणली होती. चार दिवस, प्रत्येकी दीड-दोन पानं, आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात एकच प्रश्न: 'माझ्याच बाबतीत असं का होतं?' वाईट वाटण्याचं मूळ इथे होतं. 'का' या प्रश्नाला रात्री अकरा वाजता, थकलेल्या डोक्याने, एकच उत्तर सुचतं: माझ्यातच काहीतरी खोट आहे. मग त्या उत्तराला पुरावे गोळा होतात, जुनी भांडणं वर येतात, पान भरतं. याला मानसशास्त्रात 'रुमिनेशन' म्हणतात. आपल्याकडे रवंथ हा अगदी नेमका शब्द आहे. वहीत केलं तरी ते रवंथच. एडवर्ड वॉटकिन्स या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून दिसतं की त्याच अडचणीबद्दल 'का' असा गोल विचार करण्यापेक्षा 'नेमकं काय, कधी, कसं' असा ठोस विचार केला, तर तो माणसाला अडकवत नाही.

म्हणून वही बदलली. २०० पानी लाँगबुकच्या जागी खिशात मावेल अशी छोटी वही. पान लहान असलं की लिखाणाला आपोआप कुंपण पडतं. रविवारी पुढच्या सात पानांवर तीन प्रश्न आधीच लिहून ठेवायचे, मध्ये जागा सोडून. दमून घरी आल्यावर 'आज काय लिहू' हे ठरवायला लागलं की तिथेच लिखाण सुटतं. प्रश्न समोर तयार असेल, तर हात चालतो.

पहिला प्रश्न: आज मनाला लागलेला एक प्रसंग, कुठे, किती वाजता, कोण काय म्हणालं? यासाठी दोन मिनिटं, तीन-चार ओळी. दुसरा: तेव्हा काय वाटलं, एका शब्दात, आणि ते ० ते १० मध्ये किती? एक मिनिट, एकच ओळ. तिसरा: उद्या मी अमुक वेळी, अमुक जागी, नेमकं काय करेन? दोन मिनिटं, दोन ओळी. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर. तो वाजला की वाक्य अर्धं असलं तरी वही बंद. यात दुसऱ्या प्रश्नाला सर्वात कमी वेळ का, असं सुजाताताईंनीही विचारलं होतं. भावनेला नाव द्यायचं, पण तिच्यात मुक्काम करायचा नाही, म्हणून. 'राग', 'अपमान', 'भीती', 'थकवा' यांतला कोणता शब्द, एवढं ओळखायला मिनिट पुरतं.

आता वेळ. अंथरुणात लिहायला गेल्या तेव्हा दोन दिवस पेन हातात धरून झोप लागली आणि तिसऱ्या दिवशी प्रसंग लिहिता लिहिता झोपच उडाली. ट्रेनमध्ये मोबाइलवर लिहून पाहिलं. गर्दीत उभं राहून एका हाताने टाइप करताना कंपनीच्या ग्रुपवरचे मेसेज मध्ये येत राहिले. शेवटी ठरलं की रात्री कुकर गॅसवर ठेवला की ओट्याशीच उभं राहून लिहायचं. रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाला लिखाण बांधलं, तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. कुकर रोज लागतो आणि शिट्ट्या होईपर्यंत तसंही तिथून हलता येत नाही.

घरातल्यांनी वाचलं तर? वन-बीएचकेत हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला बगल दिली तर माणूस वहीतही खोटं लिहायला लागतो. सुजाताताईंनी माणसांची नावं न लिहिता एकेक अक्षर वापरलं, वही ऑफिसच्या पर्समध्येच ठेवली, आणि सासूबाईंनी विचारलं तेव्हा "उद्याच्या कामाचं टिपून ठेवते, आई" असं सांगितलं. तेही खरंच होतं, कारण तिसरा प्रश्न तोच आहे.

पहिल्या आठवड्यात सातपैकी सहा पानं लिहिली गेली, पण पहिल्या उत्तरातच गडबड होती. एका पानावर होतं: 'साहेब नेहमी सगळ्यांसमोर माझा अपमान करतात.' हा प्रसंग नाही, निकाल आहे. त्यात 'नेहमी' आणि 'सगळ्यांसमोर' आहे, वेळ नाही, शब्द नाहीत. अशी खूण दिसली की एकच चाचणी लावावी: हे सीसीटीव्हीत दिसलं आणि ऐकू आलं असतं का? त्याच दिवसाचं पान पुन्हा लिहून घेतलं, तेव्हा ते असं झालं: 'पाच वाजून दहा मिनिटं. डिस्पॅचच्या टेबलाशी. बी म्हणाले, गाडी गेटवर उभी आहे आणि तुमचं ई-वे बिल अजून नाही? दोन लोडर तिथे होते.' अपमान वाटणं खोटं ठरत नाही. ते दुसऱ्या ओळीत येतंच: 'अपमान, ८.'

तिसऱ्या उत्तराचाही सुरुवातीला असाच घोळ. 'उद्या शांत राहीन', 'मनाला लावून घेणार नाही.' ही कृती नाही, इच्छा आहे. शांत राहायचं म्हणजे हातांनी, पायांनी, तोंडाने नक्की काय करायचं, ते यात नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं: 'अमुक घडलं की मी अमुक करेन' अशा जोडीने ठरवलेली गोष्ट नुसत्या संकल्पापेक्षा जास्त वेळा प्रत्यक्षात येते. आम्ही त्यात आणखी दोन अटी घालतो. कृती दहा मिनिटांच्या आत होणारी असावी, आणि ती समोरच्याच्या मूडवर अवलंबून नसावी.

पण अशी कृती सुचणार कुठून? इथे रविवारची दहा मिनिटं कामी येतात. रोज मागची पानं वाचायची नाहीत, हा नियम. रविवारी मात्र सगळी सलग वाचायची आणि फक्त मोजायचं: कोणती वेळ, कोणती जागा, काय पुन्हा येतंय. दोन आठवड्यांनी सुजाताताईंकडे ११ पानं होती. त्यांतली सात दुपारी साडेचार ते सहा यांमधली, आणि त्या सातांपैकी पाचांत एकच कारण. ट्रान्स्पोर्टवाल्याकडून गाडीचा नंबर उशिरा यायचा, नंबर नाही म्हणून ई-वे बिलाचा, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचा, गाडी नंबरचा भाग भरता यायचा नाही, गाडी गेटवर थांबायची आणि साहेबांचा आवाज चढायचा. वर्षभर त्या हे 'साहेब माझ्यावरच खार खाऊन आहेत' असं धरून चालल्या होत्या. साहेबांचं बोलणं रूक्षच होतं, त्यात शंका नाही. पण ते कोणत्या दिवशी चढतं, हे कळल्यावर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदललं: 'साडेतीन वाजले की जागेवरून ट्रान्स्पोर्टला फोन करेन आणि गाडी नंबर वहीत घेईन. चारपर्यंत मिळाला नाही तर बींना मेसेज करेन.'

पुढच्या चार आठवड्यांत संध्याकाळचा आकडा सात-आठवरून बहुतेक दिवशी चार-पाचवर आला. शून्यावर आला नाही. महिनाअखेरीला तो पुन्हा आठ व्हायचा. झोप एकऐवजी बाराच्या सुमारास लागू लागली. झोपेच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचा वेगळाही उपयोग असावा. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ५७ तरुणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितका फायदा जास्त. प्रयोग लहान होता, प्रयोगशाळेतल्या एका रात्रीचा आणि निरोगी तरुणांवरचा, तेव्हा निद्रानाशावरचा उपाय म्हणून त्याकडे पाहू नये. तरी डोक्यातलं काम कागदावर ठेवून झोपण्याला आधार मिळतो.

खाडे होणारच. गणपतीत सुजाताताईंचे सलग सहा दिवस कोरे गेले, आणि नंतर त्यांनी ते सहा दिवस आठवून भरायचा प्रयत्न केला. हे करू नये. मागचं भरायला बसलं की पाच मिनिटांचा अर्धा तास होतो आणि त्या ओझ्यानेच वही कायमची बंद होते. कोरं पान कोरंच सोडावं, आजचं लिहावं. सवयींवरच्या २०१० सालच्या लंडनमधल्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत, सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे तुम्ही चार-पाच दिवसांत सोडली ती वही सवय व्हायच्या खूप आधीच सुटली होती.

काही वेळा मात्र वही थांबवायलाच हवी. लिहून झाल्यावरचा आकडा लिहिण्याआधीपेक्षा दोनने वाढतोय, आणि असं सलग तीन दिवस झालं, तर पहिला प्रश्न सोडून फक्त तिसरा लिहा. तरीही वाढला तर लिखाण बंद करून समुपदेशकाशी बोला. नुकताच झालेला मृत्यू, अत्याचार, घरातली मारहाण असे विषय एकटीने, गजर लावून, ओट्याशी उभं राहून लिहायचे नाहीत. आणि जगणं नकोसं वाटल्याचं वहीत एकदा जरी उमटलं, तरी दुसऱ्या दिवसाच्या पानाची वाट न पाहता १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सुजाताताई आता आठवड्यातून चार दिवस लिहितात. तिसऱ्या महिन्यात त्यांनी पहिला प्रश्न स्वतःच बदलून घेतला. डिस्पॅचचे प्रसंग कमी झाल्यावर पानांवर मुलाच्या अभ्यासावरून होणारी भांडणं येऊ लागली होती, आणि ती सगळी रात्री साडेनऊनंतरची, जेवणाची ताटं उचलताना सुरू झालेली होती.