बॉसचा फटका येण्याआधी दिसू दे

अरे, परवा सांगलीत तुझ्या गेममधला गदावाला बॉस खेळलो. सहा वेळा मेलो, पण का मेलो ते एकदाही कळलं नाही. गदा उचलल्यापासून लागेपर्यंत तू १२ फ्रेम ठेवल्यास. ६० एफपीएसला ते ०.२ सेकंद झाले. डोळ्याला दिसून बोट हलायलाच साधारण पाव सेकंद जातो, मग चुकवणार कसं?

तिथे ३६ फ्रेम कर. गदा झटकन वर जाऊ दे आणि तिथेच थांबू दे. पैलवान पट काढण्याआधी खांदा टाकतो ना, तसं. शेवटच्या १० फ्रेममध्ये बॉसने खेळाडूकडे वळायचं नाही, नाहीतर वेळेत उडी मारूनही मार बसतो.

बॉसचं अर्धं आयुष्य संपलं की दुसरा टप्पा. आधी दीड सेकंद डरकाळी, त्यात कुणालाच इजा नको. गदेची तीच पोज, तोच फटका ठेव. फक्त मागोमाग एक आडवा वार जोड. जुनी खूण नव्या वाराला लावलीस तर शिकलेलं सगळं पाण्यात.

मित्राला खेळायला दे आणि त्याचं बटण बघ. फटका लागल्यावर दाबतोय तर इशारा तोकडा आहे. दाबतच नाही तर इशारा दिसलाच नाही, तिथे आवाज घाल.