लांब पॅसेजमध्ये रोबॉट जागा चुकतो, कोणता लायडार घेऊ?

प्रश्न: "आमच्या चाकांच्या रोबॉटचा लायडारने केलेला नकाशा छान येतो, पण लांब पॅसेजमध्ये चालवला की लोकलायझेशन सरकतं आणि कॉस्टमॅपमध्ये नसलेले अडथळे दिसतात. कोणता लायडार घ्यावा आणि एएमसीएलचं कोणतं सेटिंग बदलावं?"

लायडार घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. हाच वाद मी महाप्याच्या एका गोदामात आमच्या सिनियरशी घातला होता, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो.

रोबॉट गोल, 70 सेंटीमीटर व्यासाचा, दोन चाकांवर चालणारा. लायडार पुढच्या बाजूला, 12 मीटर रेंजचा, आणि मागचं सगळं बॉडीने झाकलेलं. रॅकमधली गल्ली 30 मीटरची. खालच्या खणात खोके इतके ठासून लावलेले की रॅकचे खांब लायडारला वेगळे दिसतच नव्हते, दोन्हीकडे नुसत्या सपाट भिंती. गल्लीच्या टोकाला आडवी वाट आणि तिच्या पलीकडे लोडिंगचं शटर. शटरपाशी डॉकची कड असल्यामुळे तिथे नकाशात नो-एंट्री पट्टा आखलेला होता. रॅकचं टोक ते पट्टा, वाट 1.2 मीटर रुंद.

रात्री चाचणी घेतली की रोबॉट शहाण्यासारखा वळायचा. दिवसा गल्लीच्या टोकाशी येऊन उभा राहायचा, प्लॅनर म्हणायचा रस्ताच नाही. सिनियरचं निदान तयारच होतं: "शटरमधून ऊन येतं, स्वस्त लायडार आंधळा होतो, चांगला मागवा." खरेदीची फाईलसुद्धा हलली.

मी आर्व्हिझ या रोबॉटला काय दिसतं ते दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कॉस्टमॅप, म्हणजे अडथळ्यांचा नकाशा, उघडून बसलो. रॅकच्या दोन्ही भिंती नकाशातल्या टोकाच्या पुढे साठेक सेंटीमीटर वाढलेल्या दिसत होत्या. बाजूला एक सेंटीमीटरचाही फरक नाही, चूक फक्त लांबीत. उन्हाने लायडार बिघडला तर बिंदू गळतील किंवा विखुरतील. अख्खी भिंत शिस्तीत पुढे सरकवायला त्याला ऊन पुरत नाही.

कारण असं. दोन समांतर भिंतींमधून लायडारला तुम्ही मधोमध आहात का आणि तोंड सरळ आहे का, एवढंच कळतं. किती पुढे आलात हे कळत नाही. पारसिकच्या बोगद्यात खिडकीबाहेर बघून मुंब्रा किती लांब आहे ते सांगून दाखवा. त्या दिशेला एएमसीएल, म्हणजे नकाशात रोबॉटची जागा ओळखणारा प्रोग्राम, पूर्णपणे ओडोमेट्रीवर, म्हणजे चाकांच्या फेऱ्यांवरून मोजलेल्या अंतरावर, विसंबतो. रात्री शटर बंद असायचं, नकाशाही बंद शटरचाच होता, त्यामुळे शेवटच्या 12 मीटरमध्ये समोर भिंत दिसायची आणि साचलेली चूक धुऊन निघायची. दिवसा शटर उघडं, समोर काहीच नाही.

आता चूक साचत का होती? कंट्रोलरमध्ये चाकाची त्रिज्या डेटाशीटवरून 75 मिलिमीटर टाकलेली. पॉलियुरेथेनचं चाक माल लादला की दबतं, शिवाय झिजतं. जमिनीवर 10 मीटरची टेप अंथरून, माल लादून, रोबॉट हळू चालवला. त्याने 10 मीटर सांगितले, टेपवर 9.8 होते. म्हणजे खरी त्रिज्या 75 × 9.8 ÷ 10 = 73.5 मिलिमीटर. 2 टक्के म्हणजे 30 मीटरला बरोबर 60 सेंटीमीटर. रोबॉटला वाटायचं गल्ली संपली, प्रत्यक्षात तो 60 सेंटीमीटर आतच. खऱ्या रॅकचा शेवटचा तुकडा त्याला नकाशात रिकाम्या असलेल्या जागी दिसायचा, ऑब्स्टॅकल लेयर तो इमानेइतबारे नोंदवायचा, आणि 1.2 मीटरच्या वाटेतले 60 सेंटीमीटर खाऊन टाकायचा. उरलेल्या साठात सत्तरचा रोबॉट कसा जाणार! रॅकला धडक बसली नाही ती लोकल कॉस्टमॅपमुळे. तो ओडोमच्या चौकटीत असतो, नकाशाशी त्याला देणंघेणं नाही.

भरीस भर, आमच्याच एकाने `alpha3` डिफॉल्ट 0.2 वरून 0.01 वर आणला होता, कारण त्याने कणांचा ढग, म्हणजे एएमसीएलने धरलेल्या संभाव्य जागांचा पुंजका, स्क्रीनवर "नीटनेटका" दिसतो. हा आकडा म्हणजे सरळ चालताना अंतर मोजण्यात किती चूक धरायची ते. तो एवढा उतरवला की सगळे कण एकमताने चुकीच्या जागी बसतात, आणि बरोबर जागेवर फारसे कण उरत नाहीत. लांब गल्लीत ढग लांबुळका व्हायलाच हवा. शिवाय एएमसीएल रोबॉट हलला तरच नवा अंदाज घेतो, डिफॉल्टला 25 सेंटीमीटर किंवा 0.2 रेडियन. अडकून उभा राहिला की जागाही दुरुस्त होत नाही. तुमच्या सेटिंगच्या प्रश्नाचं माझ्याकडून एवढंच उत्तर: `alpha3` कमी केला असेल तर परत वाढवा.

आम्ही बदललं ते हे:

```yaml
diff_drive_controller:
  ros__parameters:
    wheel_radius: 0.0735
```

दर दोन मिनिटांनी कॉस्टमॅप पुसणारी स्क्रिप्टही कोणीतरी लिहिली होती, ती मी काढून टाकली. पुसल्यावर तोच खोटा रॅक पुढच्या स्कॅनला पुन्हा उमटतो. आणि विचार करा, त्रिज्येची चूक उलट बाजूची असती, तर रोबॉटला आपण 60 सेंटीमीटर मागे आहोत असं वाटलं असतं आणि तो डॉकच्या कडेकडे गेला असता. कडेखाली खड्डा आहे हे आडवा फिरणारा लायडार सांगत नाही, मग तो कितीही लाखांचा असो. सिनियरना हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. त्यांचं म्हणणं, "तरी रेंज जास्त असलेली बरी." कशाला? उघड्या शटरमधून बाहेर लागलेल्या ट्रकचा पार्श्वभाग बघायला?

तुम्ही आधी आर्व्हिझमध्ये फिक्स्ड फ्रेम `odom` ठेवा, स्कॅनचा डिके टाइम 20-30 सेकंद करा आणि रोबॉट जागच्या जागी गोल फिरवा. भिंती एकमेकांवर बसल्या तर फिरण्याचा हिशेब ठीक. पंख्यासारख्या पसरल्या तर दोन चाकांमधलं अंतर चुकीचं टाकलंय. मग टेपवर सरळ चालवा. सखोल करायचं असेल तर बोरेनस्टाईन आणि फेंग यांची 1990च्या दशकातली यूएमबीमार्क चाचणी आहे: 4 मीटरचा चौकोन दोन्ही दिशांनी चालवायचा, कारण एकाच दिशेने दोन चुका एकमेकींना झाकतात.

हे सगळं चाकं न घसरता फिरतात असं धरून. धुळकट इपॉक्सी फरशीवर चाक घसरत असेल तर त्रिज्या कितीही सुधारा, फायदा नाही. तिरपं जात असेल तर आयएमयू जोडा. आणि थेट उन्हाने काही लायडार खरंच गडबडतात, ते मी नाकारत नाही. फक्त तेव्हा लक्षणं वेगळी असतात.

बाकी गल्लीत काहीतरी खूण हवीच, कारण त्रिज्या बरोबर असली तरी चाक पुन्हा झिजणार. मी सुपरवायझरना म्हटलं, मधला एक खण रिकामा ठेवा. ते म्हणाले, "साहेब, त्या खणाचं भाडं तुमचा रोबॉट देणार का?" शेवटी रॅकच्या पायांशी लायडारच्या उंचीला लोखंडी चौकोनी खोकी बोल्ट केली, मुद्दाम असमान अंतरांवर. सारख्या अंतरावर लावली असती तर एक खोकं दुसऱ्यासारखंच दिसलं असतं. मग नकाशा नव्याने केला, या वेळी शटर उघडं ठेवून.