फुगा, चौकट आणि मधला बोळ

प्रश्न : शाळेच्या वार्षिकांकासाठी एका पानाचं कॉमिक करतोय, कच्चं पान सोबत जोडलंय. पॅनल, स्पीच बलून आणि गटर यांना मराठीत काय म्हणतात? ‘संवाद-बुद्बुद’ असं कुठंतरी वाचलं. आणि इंग्रजी कॉमिक बघून काढलेल्या बलूनमध्ये माझा मजकूर मावतच नाही, तो का? (एक शिक्षक, फोंडा)

सर, ‘संवाद-बुद्बुद’ मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. फुगा म्हणा. ‘फुग्यात मजकूर भरला’, ‘फुगा वर सरकव’ असं बोलताना जीभ अडखळत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाणारं टोक म्हणजे फुग्याचं शेपूट. बुडबुडे हा शब्द मात्र राखून ठेवा : मनातला विचार दाखवताना शेपटाऐवजी जे लहान लहान गोल काढतात, त्यांना तो चपखल बसतो.

पॅनलला चौकट. ‘पॅनल’ म्हटलं की आपल्याकडे आधी पंचायतीची नाहीतर सोसायटीची निवडणूकच आठवते. ‘खिडकी’ हा शब्द मलाही मोहात पाडतो, पण दिवाळी अंकांनी तो कधीच घेऊन टाकलाय. तिथली खिडकी म्हणजे कापलेल्या पानातून खालचं चित्र दिसतं ती गंमत. चौकटींच्या एका आडव्या पट्ट्याला रांग म्हणा, ‘ओळ’ नको. ओळ मजकुराची, रांग चौकटींची, म्हणजे काम सांगताना घोटाळा होत नाही.

राहिलं गटर, म्हणजे दोन चौकटींमधली रिकामी जागा. डीटीपीवाले बिनदिक्कत ‘गटर’ म्हणतात, पण मुलांसमोर तो शब्द टाकला की चर्चा सांडपाण्यावर जाते. कुणी ‘फट’ सुचवतात. इतरत्र चालेल, गोव्यात वर्गात हशा पिकेल, कारण कोंकणीत फट म्हणजे थाप. मी स्वतः ‘बोळ’ म्हणतो. हा रूढ शब्द नाही, माझी सवय आहे. दोन घरांमधून माणूस जातो तशी दोन चौकटींमधून नजर जाते, एवढंच त्याचं समर्थन.

आता मजकूर न मावण्याचं. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुधा सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली असतात. ती सगळी एकाच उंचीची, ना वर काही ना खाली, त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून बसवता येतात. आपली ओळ तीन मजली. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. १२ पॉइंटचं अक्षर घेतलंत तर ओळीपासून ओळ १७ पॉइंटांवर, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरवर ठेवा. पुरतं की नाही ते तपासायला वरच्या ओळीत ‘बुद्धू’ आणि बरोबर त्याखाली ‘दोघींची’ असं छापून बघा. ‘द्धू’चा उकार खालच्या वेलांटीला टेकला, तर अंतर वाढवायला हवं. पडद्यावर हे कळत नाही, कागदावर लगेच दिसतं.

दुसरं कारण व्याकरणाचं आहे. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘धक्क्यापर्यंत’, ‘फेरीबोटीतल्या’ असे लांब शब्द उभट फुग्यात घातले की एका ओळीत एकच शब्द मावतो आणि दोन्ही बाजू रिकाम्या राहतात. संयोगचिन्ह देऊन शब्द तोडणं आपल्या डोळ्याला रुचत नाही. म्हणून मराठी फुगा आडवा हवा, ताटात आडव्या ठेवलेल्या मानकुराद आंब्यासारखा. आणि फुगा आधी काढून त्यात मजकूर कोंबायचा नाही. मजकूर आधी लिहायचा, त्याची लांबी-रुंदी मोजायची आणि दोन्हींना १.४२ ने गुणायचं. तेवढ्या लंबगोलात चारही कोपरे आत राहतात.

तुमच्या पानावर करून बघू. ए-फोर कागद, चारी बाजूंना १५ मिमी समास, म्हणजे हाती १८० बाय २६७. प्रत्येकी ८५ मिमी उंचीच्या तीन रांगा आणि रांगांमध्ये ६ मिमीचे दोन बोळ, की २६७ भरले. एकाच रांगेतल्या चौकटींमधला बोळ मात्र ४ मिमीच ठेवा. जवळच्या चौकटी डोळा एकत्र धरतो, त्यामुळे वाचणारा आधी आडवा जातो आणि मगच खाली उतरतो. तुमच्या पानावर हे उलटं झालंय. उभे बोळ रुंद आहेत, म्हणून मी पहिल्यांदा दुसऱ्या रांगेतून थेट तिसरीत घसरलो.

पहिली रांग पूर्ण १८० ची एकच चौकट : रायबंदरचा धक्का, मांडवी नदी, उजवीकडे पलीकडच्या चोडण बेटाची फेरीबोट, डावीकडून धावणारे आजी आणि नातू. फुगा नातवाचा, ‘आजी, धाव! सुटली बघ!’ दुसऱ्या रांगेत ८८ च्या दोन : उडी आणि ‘धप्प’. तिसरीत ७० आणि १०६. लहान चौकटीत नातवाचं ‘पकडली!’, मोठीत आजीचं ‘अरे, ती सुटत नव्हती, चोडणहून येत होती!’ विनोद जुना आहे, पण सगळी मदार शेवटच्या फुग्यावर आहे, म्हणून तिथंच जरा थांबतो.

तुम्ही हे वाक्य एका फुग्यात तीन ओळींत तोडलंय : ‘अरे, ती सुटत / नव्हती, चोडणहून / येत होती!’ मराठीत नकार क्रियापदाच्या शेवटी येतो. ‘सुटत’वर ओळ संपली की क्षणभर अर्थ उलटा लागतो आणि आजीच्या बोलण्यातला ठसका जातो. त्यापेक्षा दोन फुगे करा. पहिल्यात ‘अरे, ती / सुटत नव्हती,’ आणि दुसऱ्यात ‘चोडणहून / येत होती!’ प्रत्येकी दोन ओळी, मजकूर सुमारे २४ बाय १२ मिमी, म्हणजे फुगा ३४ बाय १७. दुसरा फुगा पहिल्याच्या खाली थोडा उजवीकडे ठेवून बारीक मानेनं जोडा. शेपूट एकच पुरे, ते खालच्या फुग्याला. मधला तो अर्धा क्षणच हसवतो.

आणि या चौकटीत आजीला डावीकडे आणा. आधी बोलणारा डावीकडे आणि त्याचा फुगा वर, कारण आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. तुम्ही तिला उजवीकडे नेलंत, त्यामुळे तिचे शब्द आधी वाचले जावेत म्हणून फुगा डाव्या कोपऱ्यात ठेवावा लागला आणि त्याचं शेपूट नातवाच्या ‘आँ?’च्या शेपटाला ओलांडून गेलं. कोण काय बोलतंय ते समजेना. शिवाय पहिल्या चौकटीत बोट उजवीकडे होती आणि इथं ती डावीकडे गेली, म्हणजे पाच चौकटींत मांडवीची दिशाच बदलली. आजी डावीकडे धक्क्यावर, नातू उजवीकडे बोटीत आणि ‘आँ?’ उजव्या कोपऱ्यात खाली. चित्र पुन्हा काढावं लागेल, फुगे सरकवून हे सुटणार नाही.

ठळक शब्दांबद्दलही सांगून टाकतो, कारण तुम्ही ‘धाव’ तिरका केलाय. तिरपी देवनागरी आपल्या डोळ्याला रुचत नाही. जाड करा, नाहीतर अक्षरच दीडपट मोठं काढा, पण मग त्या ओळीखालचं अंतरही वाढवा.