सेंटर ब्लॉकर वाळूवर उतरतो तेव्हा

प्रश्न: नेरुळला आम्ही हॉलमध्ये सहा-सहाची व्हॉलीबॉल खेळतो. मी सेंटरला ब्लॉक करतो, मित्र लिफ्टर आहे. दोघांनी मिळून बीच व्हॉलीबॉलच्या स्पर्धेत नाव दिलंय. ब्लॉकचा नियम वेगळा असतो म्हणे. वाळू आणि पॉइंटचं काय?

उत्तर:

नेटची उंची तीच, पुरुषांना 2.43 मीटर. कोर्ट 18 बाय 9 ऐवजी 16 बाय 8. म्हणजे मैदान थोडंसंच लहान, पण माणसं सहावरून दोनवर येतात. बदली खेळाडू नाही आणि लिबेरोही नाही. तुमचं दुखणं तिथेच सुरू होणार आहे, पण आधी ब्लॉकचं बघू, कारण तुमची सगळी सवय त्यात अडकलेली आहे.

इनडोअरला ब्लॉकला लागलेला बॉल टचमध्ये धरत नाहीत. हाताला लागून बॉल मागे आला तरी पुढे तीन टच शिल्लक असतात. बीचला ब्लॉकचा स्पर्श हाच पहिला टच. त्यानंतर दोनच उरतात. त्यातला पहिला कोणीही खेळू शकतो, अगदी ज्याने ब्लॉक केला तोसुद्धा.

ऐकायला किरकोळ वाटतं, पण खेळ इथेच पालटतो. उशीर झाला की तुम्ही सेंटरवाले तळवे मागे कलते ठेवून बॉलचा नुसता वेग मारता आणि मागचे पाच जण तो आरामात उचलतात. हॉलमध्ये हा ब्लॉक सोन्यासारखा. वाळूवर तसाच बॉल तुमच्या बोटांना घासून मागच्या कोपऱ्यात उडाला असं धरा. मित्र धावत जाऊन सूर मारतो आणि उचलतो. हा झाला दुसरा टच. म्हणजे तो उचललेला बॉल हीच तुमची लिफ्ट! ती नेटजवळ उंच आली तर तुम्ही माराल. कुठेतरी बाजूला गेली तर धावत जाऊन कसाबसा पलीकडे ढकलाल आणि समोरच्याला फुकटचा बॉल मिळेल. त्यामुळे अशा वेळी मित्राने बॉल सरळ वर, नेटपासून मीटर-दीड मीटरवर उडवायचा. आणि तुम्ही जमिनीवर टेकल्या टेकल्या वळून बॉल शोधायचा. ब्लॉकनंतर ‘मागचे बघतील’ ही सवय पहिल्या दिवशीच सोडा.

मग ब्लॉक करायचा कधी? समोरची लिफ्ट नेटला चिकटून असेल तर जरूर उडी मारा आणि हात पूर्ण पलीकडे घाला. लिफ्ट नेटपासून दीड-दोन मीटर मागे पडली असेल तर उडीच मारू नका. दोन-तीन पावलं पळत मागे या, समोरचा मारायच्या आत पाय रोवून थांबा आणि अर्धं कोर्ट सांभाळा. दोघांपैकी एक जण उगाच हवेत असला तर खाली एकटा माणूस 8 बाय 8 मीटर राखत बसतो.

हे सर्व्हिसच्या आधी ठरलेलं असावं लागतं. नेटवरचा खेळाडू पाठीमागे हात धरून खूण करतो. डावा हात समोरच्या त्या बाजूच्या खेळाडूसाठी, उजवा दुसऱ्यासाठी. एक बोट म्हणजे लाइन अडवणार, दोन बोटं म्हणजे तिरपा मार अडवणार, मूठ म्हणजे ब्लॉक नाही. तुम्ही लाइन अडवलीत की तिरपी बाजू मित्राची. खूण दाखवल्यावर हवेत मन बदलायचं नाही. ब्लॉकर ऐन वेळी तिरप्याकडे हात नेतो आणि बॉल मोकळ्या लाइनमध्ये पडतो, मग दोघं एकमेकांकडे बघत राहतात. असले पॉइंट बहुतेक नव्या जोड्या देतात.

आता ते दुखणं. हॉलमध्ये तुम्ही मागच्या रांगेत गेलात की लिबेरो आत येतो, म्हणजे सर्व्हिस उचलायची सवय तुम्हाला जवळजवळ नाहीच. बीचला सर्व्हिस ज्याने उचलली तोच साधारण मारतो, कारण मधला टच जोडीदाराच्या लिफ्टचा. समोरचे दोन-चार सर्व्हिसमध्ये ओळखतात कच्चा कोण ते, आणि मग सेट संपेपर्यंत प्रत्येक बॉल त्याच्यावरच टाकतात. तुम्हाला लपवायला जागा नाही. म्हणून सरावाचा मोठा भाग अंडरहँडने सर्व्हिस उचलण्यात घाला. सर्व्हिस फिंगरने घ्यायचा मोह नको, तिथे डबल टच फार कडक बघतात. बोटांनी प्लेसिंगही चालत नाही. हॉलमध्ये ब्लॉकच्या मागे उघड्या बोटांनी टाकता तो बॉल इथे फाउल आहे. तो बोटं मुडपून सांध्यांनी ढकलायचा किंवा तळहाताने वळवून मारायचा.

वाळूबद्दल. नियमाप्रमाणे कोर्टवर निदान 40 सेंटिमीटर खोल, बारीक आणि सुटी वाळू हवी. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईची खाडी म्हणजे चिखल आणि खारफुटी, त्यामुळे सरावाला उरणच नाहीतर पलीकडे अलिबागकडे जावं लागतं. नेरुळहून उरणची लोकल सुरू झाल्यापासून पीरवाडीचा किनारा गाठणं सोपं झालंय. तिथे जागा निवडताना दगड आहेत का ते पायाने चाचपा आणि नेट भरतीच्या रेषेच्या वर, सुक्या वाळूत लावा. ओहोटीनंतरची ओली घट्ट वाळू बघून सगळ्यांना मोह होतो, कारण तिच्यावर हॉलसारखी उडी बसते. पण टाच जोरात फिरवून बघा. घोट्याइतकीही आत गेली नाही तर तो सराव स्पर्धेत कामाचा नाही, वर सूर मारलात तर खांदा दुखेल ते वेगळंच.

सुक्या वाळूत शेवटचं लांब पाऊल टाकून उडी घेतलीत की पाय पुढे सरकतो आणि उंची जाते. पावलं आखूड ठेवा, दोन्ही तळवे सपाट टेका आणि जागच्या जागी सरळ वर जा. उडीला हॉलपेक्षा उशीर लागतो, म्हणून मित्राला सांगा की वेगाची सपाट लिफ्ट विसर, उंच आणि संथ दे. वाऱ्यात तीसुद्धा हलते.

वाऱ्याचं पॉइंटशी नातं आहे. मॅच तीन सेटची, पहिले दोन 21 चे, तिसरा 15 चा, दोनच्या फरकाने. पहिल्या दोन सेटमध्ये दोघांच्या पॉइंटची बेरीज सातच्या पटीत आली की बाजू बदलते, तिसऱ्यात पाचच्या. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की एक बाजू सोपी आणि एक अवघड होते. वाऱ्याकडे तोंड करून सर्व्हिस केलीत की बॉल मध्येच खाली बसतो आणि समोरच्याची तारांबळ उडते. वारा पाठीशी असला की तीच सर्व्हिस लाइनबाहेर जाते. समजा तुम्ही चांगल्या बाजूला होतात आणि पहिल्या बदलीला 5-2 ने पुढे आहात. दुसऱ्या बदलीला 7-7 झालं तर वाईट वाटून घेऊ नका, बाजूने दिलेलं बाजूने परत घेतलं, इतकंच. खरा हिशोब बेरीज 14 किंवा 28 असताना दिसतो, कारण तोवर दोघं दोन्ही बाजूंना सारखे खेळलेले असतात. टॉस जिंकलात तर सर्व्हिसपेक्षा बाजू मागायचा विचार करा. टाइमआउट प्रत्येक सेटला एकच मिळतो, तो अवघड बाजूला असताना ओळीने तीन पॉइंट गेले की घ्या.

एक काम आत्ताच करा. आयोजकांना फोन करून ब्लॉकचा टच धरणार का आणि प्लेसिंगला फाउल देणार का, हे दोन प्रश्न विचारा. हौशी स्पर्धांत पंच बरेचदा इनडोअरचेच असतात आणि सवयीने ब्लॉकनंतर तीन टच देतात. तसं असेल तर तुमचा तो तळवे मागे कलवलेला ब्लॉक तिथे चालून जाईल.