दोन मार्कांनी राहिलेल्या मैत्रिणीशी काय बोलावं?

"आम्ही दोघींनी वर्षभर एकत्र अभ्यास केला. मी पास झाले, ती दोन मार्कांनी राहिली. 'जाऊ दे गं, पुढच्या वेळी नक्की होईल' म्हटलं, तर 'तुला बोलायला काय जातं' म्हणून तिने फोन ठेवला. चार दिवस मेसेजलाही उत्तर नाही. काय करू?"

ती अजून याच निकालापाशी बसली आहे आणि तुम्ही तिला थेट पुढच्या परीक्षेला नेऊन बसवलंत. शिवाय 'नक्की होईल' याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, हे तिला या घडीला सगळ्यात जास्त कळतंय.

त्यात हे दोन मार्कांचं प्रकरण. वीस मार्कांनी राहिलेल्याला वाटतं, तयारीच कमी पडली. दोन मार्कांनी राहिलेल्याला मात्र तो एकच प्रश्न दिसत राहतो, शेवटच्या क्षणी उत्तर खोडून बदललेला. 1992च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे मानसशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यपदकवाले जास्त खूश दिसले होते. थोडक्यात हुकलेलं जास्त सलतं. म्हणून 'फक्त दोनच मार्क गं' हे चुकूनही म्हणू नका.

आता फोन नको, आधी एकच मेसेज पाठवा. साधारण असा: "परवा मी घाईने पुढच्या वेळेचं बोलले, ते चुकलं. तू किती मेहनत घेतलीस ते मी रोज पाहिलंय. असं थोडक्यात जाणं फार वाईट आहे. उत्तर द्यायची गरज नाही. रविवारी संध्याकाळी फोन करेन, बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नकोस." यात माफीचं एकच वाक्य आहे. 'प्लीज रागावू नकोस ना' सुरू केलंत, की तिलाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. 'काही लागलं तर सांग' हेही टाळा. काय लागेल हे शोधून, वर मागायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. आणि रविवार म्हणालात तर रविवारीच फोन करा.

फोन उचलला तर 'कसं वाटतंय?' विचारू नका, त्याला उत्तर सुचत नाही. 'निकाल कळला तेव्हा कुठे होतीस?' असं काहीतरी विचारा. घडलेलं सांगता सांगता माणूस आपोआप मोकळं होतं.

ती जे बोलेल त्यात दोन प्रकार असतील आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. 'माझं वर्ष गेलं' हे नुकसान आहे. तिथे 'अगं, किती शिकलीस' असं नका म्हणू. 'हो, गेलं' म्हणा आणि गप्प राहा. पाच-दहा सेकंदांची शांतता फोनवर फार लांब वाटते, पण पुढचं खरं बोलणं बहुतेकदा त्यानंतरच येतं. 'मी मठ्ठच आहे' हा मात्र स्वतःवर दिलेला निकाल आहे. त्याला हो म्हणायचं नाही आणि वादही घालायचा नाही. 'तू तर किती हुशार' म्हणालात, की ती आपण हुशार कशा नाही याचे पुरावे काढत बसेल. 'मला तसं वाटत नाही, पण आज तुला तसं वाटतंय हे कळतंय' एवढं पुरे.

तुमचं पास होणं लपवू नका, लपवलेली गोष्ट कीव वाटते. तिने विचारलं तर दोन वाक्यांत सांगा. दोघी असलेल्या ग्रुपवर अभिनंदन आलं तर एकदा धन्यवाद म्हणून थांबा.

सल्ले सध्या नकोत. अपवाद एकच, फेरतपासणीच्या अर्जाची मुदत, कारण ती कुणासाठी थांबत नाही. तारीख आधी स्वतः बघून घ्या आणि एकदाच सांगा: "अमुक तारखेपर्यंत अर्ज करता येतो. करायचा असेल तर फॉर्म मी भरते, नको असेल तर विषय संपला." आशा मात्र वाढवू नका. नुसत्या फेरमोजणीत बेरीज आणि तपासायची राहिलेली उत्तरं पाहतात, उत्तराला दिलेले मार्क सहसा बदलत नाहीत.

रडणं, चिडणं, आठवडाभर कुणाला न भेटणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण 'मी नसलेलीच बरी' अशी भाषा आली, किंवा ती आपल्या आवडीच्या वस्तू वाटू लागली, तर आडून विचारू नका. 'जीव द्यायचे विचार येतायत का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडू नका, आणि तिने 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं तरी घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

आणखी एक तारीख आत्ताच कॅलेंडरात टाका: तुमचं पुढचं सत्र किंवा नोकरी सुरू होईल तो दिवस. तोवर बाकीच्यांचे फोन थांबलेले असतात. त्या संध्याकाळी तिला फोन करा, आणि तुमचा पहिला दिवस कसा गेला हे तिने विचारल्याशिवाय काढू नका.