बदामाच्या पिठाचा केक मधी बसतो, त्यावर

ताई, केक मधी बसला आन काढताना तुटला म्हणालीस, तर ओव्हनचा दोष नाही, तू मैद्याच्याच मापानं करायलीस. मैद्यात ग्लुटेन असतं, ते जाळी धरून फुगलेला केक उभा ठेवतं, बदामात ते अजिबात नाही, आन वरून पिठाच्या वजनात जवळपास निम्मं तेलच असतं, म्हणून बटर नेहमीएवढं घातलं की केक तुपकट न् जड होतो.

सुरुवातीला एवढंच कर:

- २०० ग्रॅम पीठ, ४ अंडी, १५० ग्रॅम साखर, बटर फक्त ५० ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा. इथं केक अंडीच धरून ठेवतात, त्यामुळं अंडी साखरेसोबत पांढरी, फुगीर होईस्तोवर फेट आन पीठ हलक्या हातानं मिसळ.
- १६० डिग्रीवर ४० मिनिटांच्या आसपास. बदाम लवकर लाल होतो, वरून रंग आला म्हणून काढलास की आत कच्चा राहून बसतोच. रंग लवकर आला तर वरून फॉइल टाक, आन मधोमध दाबल्यावर खड्डा राहात नाही तोवर काढू नको.
- गरम असताना डब्यातून काढू नको, पूर्ण गार झाला की घट्ट होतो.

पीठ घरी दळणार असशील तर मिक्सर थांबवत थांबवत फिरव, सलग फिरवला की तेल सुटून लगदा होतो. आन आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते बाहेर ठेवू नको, खवट होतं, फ्रीजमधीच ठेव.