अरबी वाक्यातला ‘-हा’ नेमका कोणाचा?

प्रश्न: अरबी शिकतोय. शब्दांना चिकटलेले हु, हा, हुम सुटे ओळखता येतात, पण बातमीतलं लांब वाक्य आलं की कोणता कोणाचा तेच कळत नाही. हे शोधायची काही पद्धत आहे का?

उत्तर:

पद्धत आहे. मात्र त्याआधी मराठीची एक सवय बाजूला ठेवावी लागते. आपण ‘त्याची गाडी’ म्हणतो तेव्हा ‘त्या’वरून मालक कळतो आणि ‘ची’ गाडीशी जुळते. अरबीत प्रत्यय फक्त मालकाचं लिंग-वचन सांगतो, वस्तूच्या लिंगाशी त्याला देणंघेणं नसतं. गाडी म्हणजे सय्यारा, स्त्रीलिंगी. तरी त्याची गाडी ‘सय्यारतु-हु’ आणि तिची गाडी ‘सय्यारतु-हा’. गाडी स्त्रीलिंगी म्हणून तिला ‘-हा’ जोडून मोकळे होणारे मराठी विद्यार्थी मी बरेच पाहिलेत. वाचतानाही हीच गल्लत होते: ‘-हा’ दिसला की नजर तो ज्या शब्दाला चिकटलाय त्यावरच अडकते. उत्तर तिथे नसतं, बाहेर कुठेतरी असतं.

प्रत्यय तिन्हीकडे तेच. नामाला लागला की मालकी (किताबु-हु, त्याचं पुस्तक), क्रियापदाला लागला की कर्म (रआ-हु, त्याला पाहिलं), अव्ययाला लागला की त्या अव्ययाचा संबंध (मिन-हु, त्याच्याकडून). वेगळं रूप फक्त ‘मी’चं: नामाला नुसता ‘-ई’, क्रियापदाला ‘-नी’. आणि ‘-हु’च्या आधी इ, ई किंवा ऐ आला तर उच्चार ‘-हि’ होतो: बि-हि, फी-हि, अलै-हि. हा निव्वळ उच्चाराचा मामला आहे. त्यावरून कोणाबद्दल बोलणं चाललंय याचा काहीही सुगावा लागत नाही.

क्रियापदाला चिकटलेल्या प्रत्ययात आणखी एक खोच आहे. अरबीत क्रियापद बहुधा आधी येतं आणि कर्माचा प्रत्यय त्यालाच चिकटतो, त्यामुळे कर्ता मागे पडतो. ‘जार-हुम अल्-वजीर’ म्हणजे मंत्र्याने त्यांना भेट दिली. नवखा वाचक ‘हुम’ आधी दिसला म्हणून ‘त्यांनी मंत्र्याला भेट दिली’ असं वाचून बसतो. क्रियापदाला शेवटी चिकटलेला असा प्रत्यय कर्ता नसतो, एवढं पक्कं धरलं तर अर्धी कोडी तिथेच सुटतात.

आता एक बातमीछाप वाक्य घेऊ. ते मी या उत्तरासाठी रचलंय, पण अरबी वर्तमानपत्रात असली वाक्यं रोज सापडतील. प्रत्यय दिसावेत म्हणून मध्ये आडवी रेघ दिली आहे. अरबी लिपीत ती नसते, सगळं एकसंध लिहिलेलं असतं.

*अक्कदत विजारत अस्-सिह्हा फी बयानि-हा अन्न अल्-अद्विया अल्लती सहबत-हा मिन अल्-अस्वाक लम तुअस्सिर अला अल्-मर्दा अल्लजीन तनावलू-हा, व अन्न-हा सतुअव्विदु-हुम अन समनि-हा.*

पाच वेळा ‘-हा’, एकदा ‘-हुम’. प्रत्ययांना हात लावण्याआधी उमेदवारांची यादी करायची. विजारा (मंत्रालय), सिह्हा (आरोग्य), अद्विया (औषधं), अस्वाक (बाजार), मर्दा (रुग्ण). आता प्रत्येकाला कोणतं सर्वनाम चालेल ते बघा, आणि इथेच सगळ्यात मोठा सापळा आहे. माणसं सोडून बाकी कशाचंही अनेकवचन प्रमाण अरबीत स्त्रीलिंगी एकवचन धरलं जातं. म्हणजे औषधं ‘-हा’, बाजारही ‘-हा’. मंत्रालय आणि आरोग्य मुळातच स्त्रीलिंगी एकवचनी, तेही ‘-हा’. रुग्ण माणसं आहेत, त्यांना ‘-हुम’. मराठीतली लिंगं इथे डोक्यात आणूच नका. ‘औषध’ आणि ‘मंत्रालय’ आपल्याकडे नपुंसकलिंगी असले तरी इथे त्याचा उपयोग नाही.

‘-हुम’चा उमेदवार एकच, म्हणून तो लगेच निकाली निघाला: रुग्ण. उरले पाच ‘-हा’.

बयानि-हा, म्हणजे ‘...च्या निवेदनात’. आधी आलंय ‘विजारत अस्-सिह्हा’, आणि त्यातले दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. अंतराने सिह्हा जवळ आहे. पण ही षष्ठीची जोडी, म्हणजे इदाफा आहे, आणि तिच्यात सर्वनाम साधारणपणे पहिल्या शब्दाकडे जातं, कारण बोलणं त्याच्याबद्दल चाललेलं असतं. दुसरा शब्द फक्त ओळख पटवायला असतो. तेव्हा निवेदन मंत्रालयाचं.

सहबत-हा. ‘अल्लती’ने, म्हणजे ‘जी’ने, सुरू होणाऱ्या उपवाक्यात मागच्या नामाकडे परत जाणारं एक सर्वनाम असावं लागतं. अरबी व्याकरणात त्याला ‘आइद’ म्हणतात, परतणारा. इथे अल्लतीच्या मागे औषधं आहेत आणि ‘-हा’ त्यांच्याकडे परततो: ‘जी औषधं, त्यांना परत मागवलं’. मग परत मागवणारं कोण? सहबत या रूपातच लपलेला कर्ता, स्त्रीलिंगी एकवचनी. औषधं कर्मात गेल्यावर तो मंत्रालयच. मराठीत हा ‘त्यांना’ गाळावा लागतो, म्हणून आपल्याला तो अरबीत जास्तीचा वाटतो. जास्तीचा नाही, उपवाक्य कशाला बांधलंय हे तोच सांगतो.

तनावलू-हा. हेही उपवाक्यच, पण मागे रुग्ण आहेत. म्हणून आइद शोधताना थेट ‘-हा’वर उडी मारू नका. रुग्णांकडे परतणारं सर्वनाम ‘तनावलू’च्या ‘ऊ’मध्ये आहे, तो कर्ता आहे: ‘ज्या रुग्णांनी घेतली’. म्हणजे ‘-हा’ मोकळा राहिला. घेण्यासारखं जे आहे त्याच्याकडे तो जातो, औषधांकडे. सारखी दिसणारी दोन उपवाक्यं, एकात आइद प्रत्ययात आणि दुसऱ्यात क्रियापदाच्या शेवटात. लांब वाक्यात मी प्रत्येक अल्लजी, अल्लती, अल्लजीन खाली रेघ मारतो आणि त्याचा आइद सापडेपर्यंत पुढे जात नाही.

अन्न-हा. इथे जवळ आहेत औषधं, मंत्रालय पार वाक्याच्या सुरुवातीला. ‘सर्वनाम सगळ्यात जवळच्या नामाकडे जातं’ हा नियम पाठ केलेला माणूस इथे आपटतो, कारण मग औषधंच रुग्णांना भरपाई देतील! ‘व अन्न’ हे दुसरं ‘की’ आहे आणि ते पहिल्या ‘अन्न’सारखंच ‘अक्कदत’ला, म्हणजे ‘ठामपणे सांगितलं’ला, टांगलेलं आहे. अशा दुसऱ्या ‘की’पाशी आलात की मागे जाऊन आधी सांगणाऱ्यालाच तपासायचं. भरपाई कोण देऊ शकतं हेही त्याच्याच बाजूने बोलतं. समनि-हा, म्हणजे ‘...ची किंमत’, मात्र पुन्हा औषधांची. एका उपवाक्यात दोन ‘-हा’, दोघांचे मालक वेगळे, आणि अरबी वाचकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

सगळं मिळून: आरोग्य मंत्रालयाने आपल्या निवेदनात ठामपणे सांगितलं की बाजारातून परत मागवलेली औषधं ज्या रुग्णांनी घेतली, त्यांच्यावर काही परिणाम झालेला नाही, आणि त्या औषधांची किंमत मंत्रालय रुग्णांना भरून देईल.

जवळच्या नामाचा नियम खोटा नाही. लिंग-वचन जुळत असेल आणि दुसरं काही आड येत नसेल तर तोच लावायचा. पण त्याला मात देणारं एक तत्त्व जुन्या भाष्यकारांनी चांगलं मांडलंय: एकामागून एक येणारी सर्वनामं शक्यतो एकाकडेच न्यावीत, उगाच विखरू नयेत. याचं गाजलेलं उदाहरण कुराणातल्या 20व्या सूऱ्याच्या 39व्या आयतीत आहे. मूसाच्या आईला आज्ञा होते: त्याला पेटीत टाक (इक्जिफी-हि फित्-ताबूत), मग त्याला पाण्यात टाक, पाणी त्याला काठावर टाकेल, माझा आणि त्याचा शत्रू त्याला उचलेल. सर्वनामं पाच. दुसऱ्याच्या अगदी जवळ ताबूत आहे, पेटी, तीही पुल्लिंगी. पाण्यात प्रत्यक्ष पडते ती पेटीच. मग दुसरं आणि तिसरं सर्वनाम पेटीचं धरायचं का? 1144 मध्ये वारलेल्या जमख्शरी या कुराणाच्या भाष्यकाराने याला साफ नकार दिला: पाचही मूसाचीच, काही इकडे काही तिकडे केली तर रचनेचा विचका होतो. मूसा पेटीतच आहे, त्यामुळे अर्थ कुठे अडतही नाही. माझ्या वाक्यात मात्र हे तत्त्व लागू होत नाही, कारण तिथे एकीकडे नेलं की अर्थच मोडतो. आधी अर्थ मोडतोय का बघायचं, न मोडता एकत्र ठेवता येत असेल तर ठेवायचं, आणि तरीही दोन उमेदवार उरले तर जवळचा घ्यायचा. मी या क्रमाने जातो.

कधी कधी काहीच चालत नाही. ‘अअता जैद खालिदन किताब-हु’, जैदने खालिदला पुस्तक दिलं, पण कोणाचं? मराठीत ‘आपलं पुस्तक’ म्हटलं तर जैदचं, ‘त्याचं’ म्हटलं तर बहुधा खालिदचं किंवा तिसऱ्याचं. अरबी ‘-हु’ दोन्ही कामं करतो, म्हणून वाक्य एकटं असेल तर ते खरंच संदिग्ध आहे आणि डोकं खाजवून उपयोग नाही. मागच्या-पुढच्या वाक्यांतच उत्तर शोधायचं. भाषांतर करत असाल तर ‘आपलं’ की ‘त्याचं’ हा निर्णय तुमच्या गळ्यात पडतो, मूळ मजकूर तो घेऊन देत नाही.

आणि एक प्रत्यय असा, ज्याचा मालक शोधायचाच नाही. ‘मिन अल्-मअरूफ अन्न-हु ला यूजद इलाज’, म्हणजे इलाज नाही हे सर्वांना माहीत आहे. हा ‘-हु’ कोणीच नाही. ‘अन्न’नंतर लगेच क्रियापद येऊ शकत नाही, म्हणून जागा भरायला तो बसवलाय. व्याकरणकार त्याला दमीर अश्-शान म्हणतात. ओळखायचं असं: त्याच्यापुढचं वाक्य स्वतःचा कर्ता घेऊन पुरं होतं (इथे इलाज), आणि ‘-हु’ला द्यायला काही कामच उरत नाही. बातम्यांत हा इतका येतो की ‘अन्न-हु’ दिसला की मी आधी पुढच्या क्रियापदाचा कर्ता बघतो आणि मगच मागे वळतो.

अरबी लिहिणाऱ्यांनाही हा घोळ ठाऊक असतो. म्हणून करारपत्रांत ‘अत्-तरफ अल्-अव्वल’, ‘अत्-तरफ अस्-सानी’ (पहिला पक्ष, दुसरा पक्ष) हेच शब्द ओळीओळीत पुन्हा पुन्हा येतात, आणि बातमीत दोन पुरुषांची नावं एकत्र आली की पुढे ‘हाजा अल्-अखीर’, म्हणजे दोघांतला नंतर आलेला, असं लिहितात. सरावाला करारपत्रं घेऊ नका, तिथे शोधण्यासारखं फार उरत नाही. भरपाई, खटले, वाटाघाटी यांच्या बातम्या घ्या. त्यांत दोन संस्था आणि वस्तूंचं एखादं अनेकवचन हमखास सापडतं, आणि बहुधा तिघांनाही ‘-हा’च लागतो.